गोव्याचा किनारा: १०१ की १९३.९५?

प्रश्न एका ओळीचा असतो. ‘गोव्याच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी ____ कि.मी. आहे.’ वर्कशीटच्या मागच्या उत्तरतालिकेत १०१ लिहिलेलं असतं. ताईच्या जुन्या पुस्तकात १०५ असतं. सामान्य ज्ञानाच्या एखाद्या पुस्तिकेत १०४ सापडतं. आणि बाबा मोबाइल काढून बघतात, तर तिथे १९३.९५. रात्री साडेनऊला जेवणाच्या टेबलावर चार आकडे आणि एक रिकामी जागा. मुलाला सकाळी वही द्यायची असते.

अशा वेळी घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, ‘टीचरने सांगितलंय तेच लिही.’ दुसरी, ‘पुस्तक चुकीचं आहे.’ या प्रश्नाच्या बाबतीत दोन्ही अपुऱ्या आहेत. चारही आकडे कुणीतरी काहीतरी मोजूनच मिळवलेले आहेत. त्यांनी काय मोजलं आणि कशाने मोजलं, एवढं कळलं की भांडणाचा बराचसा भाग निवतो. उरतो तो थोडा भाग खरोखरच चुकीचा असतो, आणि तो कसा ओळखायचा हेही त्यातूनच कळतं.

आधी १०१ घेऊ. देशभर वर्षानुवर्षं वापरात असलेली जुनी यादी १९७० च्या दशकातली. तिच्यात भारताचा एकूण किनारा ७,५१६.६ कि.मी. आणि त्यात गोव्याचा वाटा १०१. ही मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर झाली होती. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४५ किलोमीटर. म्हणजे तेरेखोलपासून पोळेपर्यंतचा आपला अख्खा किनारा त्या कागदावर सव्वादोन सेंटिमीटर. बोटाच्या एका पेरात मावणारा. आग्वादचं टोक आणि काबो यांच्यामधलं मांडवीचं तोंड चार-पाच किलोमीटर रुंद आहे; त्या नकाशावर ते एक मिलिमीटर भरतं. त्या मिलिमीटरच्या आत शिरून रेईश मागूश, पणजी, मिरामार असा वळसा घालायला तिथे जागाच नाही. मोजणारा सरळ पुढे जातो.

पडताळा घ्यायचा असेल तर तेरेखोलच्या किल्ल्यापासून पोळेच्या किनाऱ्यापर्यंत नकाशावर सरळ पट्टी ठेवून पाहा. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे १०१ हा आकडा जवळजवळ ताणलेल्या दोरीचा आहे. शापोराचं वळण, मांडवी आणि जुवारीच्या खाड्या, मुरगावचा सुळका, बेतूलची खाच, काणकोणचे छोटे छोटे कोपरे, हे सगळं त्या दोरीने ओलांडून टाकलं आहे. १०४ आणि १०५ हे त्याच जातीचे आकडे. थोडा वेगळा नकाशा, दोरी थोडी सैल, एवढंच. १०१ आणि १०५ यांच्यातल्या चार किलोमीटरवरून कुणाला चूक ठरवू नये, कारण या पद्धतीत तेवढा फरक पडणारच.

आता १९३.९५. हा आकडा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातल्या यादीत आहे. मोजणी राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची. या वेळी प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, आणि रेषा धरली ती भरतीच्या पाण्याची. जुन्या नकाशावर सव्वादोन सेंटिमीटरचा असलेला किनारा इथे सरळ रेषेतच चाळीस सेंटिमीटरचा होतो. मांडवीचं तोंड जवळजवळ दोन सेंटिमीटरचं. आता मोजणाऱ्याला आत वळावंच लागतं, आणि वळलं की लांबी वाढते. आग्वाद ते काबो सरळ ओलांडलं तर चार-पाच किलोमीटर. आत शिरून रेईश मागूशपर्यंत जायचं, पणजीला पलीकडे यायचं आणि मिरामारवरून काबोला पोचायचं, तर त्याच्या दुपटीहून अधिक. हाच हिशेब जुवारीच्या तोंडाशी, हाच शापोऱ्याला, हाच साळ नदीच्या मुखाशी. एक-एक वळण मिळून ९२.९५ किलोमीटर वाढले. म्हणजे ९२ टक्के.

मुलांना इथे हमखास एक गैरसमज होतो, आणि तो मोठ्यांनाही होतो: ‘गोव्याचा किनारा वाढला.’ वाढला नाही. समुद्र कुठे मागे हटला नाही, नवी जमीन तयार झाली नाही. गोव्याचं क्षेत्रफळ पूर्वीही ३,७०२ चौ.कि.मी. होतं आणि आजही पुस्तकात तेच आहे. मोजपट्टी लहान झाली. हे पटवायला यादीतलेच तीन आकडे पुरेसे आहेत. केरळचा किनारा ५६९.७ वरून ६००.१५ झाला, म्हणजे जेमतेम पाच टक्के वाढ, कारण तो बराचसा सरळ आहे आणि सरळ रेषा कितीही बारकाईने मोजली तरी फारशी वाढत नाही. उलट पश्चिम बंगाल १५७.५ वरून ७२१.०२ वर गेला, साडेचारपटीहून जास्त. सुंदरबनचं जाळं नकाशावर दिसू लागलं की हेच होणार. आणि पुदुच्चेरीचा किनारा ४७.६ वरून ४२.६५ वर उतरला. ‘किनारा वाढतोय’ म्हणणाऱ्याला हा उतरलेला आकडा अडवतो.

हा फरक घरी हाताने करून बघता येतो, आणि आकडा पाठ करण्यापेक्षा तो पटकन पटतो. गोव्याचा असा नकाशा घ्या ज्यावर किलोमीटरची आडवी पट्टी छापलेली आहे. नुसतं ‘१:२,५०,०००’ लिहिलेलं चालत नाही, कारण झेरॉक्स काढताना नकाशा लहान-मोठा होतो आणि ते गुणोत्तर खोटं पडतं. छापलेली पट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती खरी राहते. कंपासपेटीतला दुभाजक घ्या. त्याचे दोन पाय पट्टीवर दहा किलोमीटरवर उघडा आणि तेरेखोलपासून पोळेपर्यंत किनाऱ्यावरून चालवत न्या, प्रत्येक पाऊल किनाऱ्याच्या रेषेवरच टेकवत. पावलं मोजा, दहाने गुणा. मग पाय दोन किलोमीटरवर आणा आणि पुन्हा तोच प्रवास करा. पावलं पाचपट होतील असं वाटतं. प्रत्यक्षात पाचपटीहून जास्त होतात, आणि तो वरचा भाग म्हणजेच वाढलेली लांबी.

या चालण्यात दोन जागा लक्षपूर्वक बघण्यासारख्या आहेत. वेळसांवपासून मोबोरपर्यंतचा किनारा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, सगळा एका ओघात येणारा सरळ पुळणीचा पट्टा. इथे दहाचं पाऊल आणि दोनचं पाऊल जवळजवळ सारखंच उत्तर देतात. आणि दुसरी जागा आग्वादपासून मुरगावपर्यंतची. इथे दोन उत्तरं एकदम फाकतात. एवढ्याशा अंतरात दोन्ही वागणुकी दिसतात, ही गोव्याच्या नकाशाची मोठी सोय आहे. दोऱ्याने मोजायचं असेल तर सुती दोरा किंचित ओला करून रेषेवर बसवा, नायलॉनचा घेऊ नका. तो वळणावर उभा राहतो आणि ताणला की लांबतो. दोरा ओढून सरळ करताना जोर लावला तरी दोन-चार टक्के इकडचे तिकडे होतात.

दुभाजक मांडवीच्या तोंडाशी आला की खरा प्रश्न उभा राहतो, आणि मला वाटतं वर्गात वेळ द्यावा तो इथे. आत जायचं की ओलांडायचं? आत गेलो तर थांबायचं कुठे? पणजीच्या पुलापाशी? पण पाणी तिथेही खारंच आहे. भरती-ओहोटी मांडवीत गांजेपर्यंत जाणवते, समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत. वाटेत कुंभारजुव्याचा कालवा लागतो, तो मांडवीला जुवारीशी जोडतो, आणि त्यामुळे तिसवाडी चारही बाजूंनी पाण्याने वेढलेलं बेट ठरतं. मग तिसवाडीचा पूर्ण परीघ किनाऱ्यात धरायचा का? खाजनांच्या बांधांना लागून भरतीचं पाणी येतं, तीही रेषा भरतीचीच. निसर्गाने कुठेही ‘इथे समुद्र संपला’ अशी पाटी लावलेली नाही. मोजणाऱ्याला एक नियम ठरवावा लागतो, अमुक रुंदीपेक्षा अरुंद मुख सरळ रेषेने बंद करायचं, आणि तो नियम सगळीकडे सारखा पाळायचा. नियम बदलला की आकडा बदलतो, नकाशा तोच असला तरी. म्हणून १९३.९५ हेही ‘अंतिम सत्य’ नाही. ते एका ठरावीक प्रमाणावरचं, एका ठरावीक नियमाचं उत्तर आहे. त्याहून बारीक नकाशा घेतला तर याहून मोठा आकडा येईल.

हे कोडं जुनं आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी देशांच्या सीमांची लांबी गोळा करताना पाहिलं की शेजारी देश एकाच सीमेचे वेगवेगळे आकडे देतात. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या सामाईक सीमेला एका बाजूची नोंद ९८७ कि.मी. होती आणि दुसऱ्या बाजूची १,२१४. त्यांचं हे काम त्यांच्या निधनानंतर १९६१ मध्ये छापलं गेलं, आणि १९६७ मध्ये बेन्वा मांडेलब्रो यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, हाच प्रश्न विचारून त्याचं गणित पुढे नेलं. किनाऱ्याला पट्टीशिवाय लांबी नसते, हे तेव्हापासून भूगोलात मान्य आहे. आपल्या वर्कशीटमध्ये मात्र ती पट्टी छापलेली नसते.

दशांश चिन्हानंतरचे दोन अंकही थोडे तपासून घेऊ. १९३.९५ म्हणजे दहा मीटरपर्यंत अचूक, असं वाचणाऱ्याला वाटतं. १:२,५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर १२५ मीटर जाडीची असते. तेव्हा ते ‘.९५’ संगणकाने केलेल्या बेरजेतून आलेलं आहे, किनाऱ्यावरून नव्हे. एखाद्या मुलाने १९४ लिहिलं आणि उत्तरतालिकेत १९३.९५ असेल, तर तो विरोध समजू नये आणि त्याचे गुण कापू नयेत.

एका रिकाम्या जागेपुरतं हे असतं तर इतकं लिहायची गरज नव्हती. गडबड वाढते ती पुढच्या प्रश्नांत. समजा वर्कशीट विचारतं: ‘भारताच्या एकूण किनाऱ्यापैकी किती टक्के किनारा गोव्याला लाभला आहे?’ जुने दोन्ही आकडे घेतले तर १०१ भागिले ७,५१६.६, म्हणजे १.३४ टक्के. नवे दोन्ही घेतले तर १९३.९५ भागिले ११,०९८.८१, म्हणजे १.७५ टक्के. ही दोन्ही उत्तरं आपापल्या यादीत बरोबर आहेत. पण गोव्याचा आकडा मोबाइलवरून नवा घेतला आणि भारताचा पुस्तकातून जुना, तर २.५८ येतं. उलट केलं तर ०.९१. ही दोन उत्तरं चूक आहेत, आणि ती चूक मुलाच्या भागाकारात सापडत नाही, कारण भागाकार बरोबरच असतो. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेल्या गोष्टी एकमेकींनी भागल्या गेल्या. उत्तरतालिकेशी जुळत नाही म्हणून वहीवर लाल फुली मारण्याआधी टीचरनी हे चार आकडे एकदा करून पाहावेत. मुलाचं उत्तर चारांपैकी कुठल्याशी जुळतं त्यावरून त्याने काय केलं ते लगेच कळतं.

क्रम लावायच्या प्रश्नात तर उत्तरच पालटतं. ‘सर्वांत लांब किनारा असलेलं राज्य’ दोन्ही याद्यांत गुजरात, आणि सर्वांत लहान दोन्हींत आपलं गोवा. तिथे काळजी नाही. पण ‘दुसऱ्या क्रमांकाचं राज्य कोणतं?’ जुन्या यादीत आंध्र प्रदेश, ९७३.७ कि.मी., तमिळनाडू ९०६.९ वर. नव्या यादीत तमिळनाडू १,०६८.६९ आणि आंध्र १,०५३.०७. फरक पंधरा किलोमीटरचा, आणि क्रम उलटा. ‘गोव्यानंतर सर्वांत लहान किनारा कोणाचा?’ याचं जुनं उत्तर पश्चिम बंगाल, नवं उत्तर कर्नाटक, ३४३.३०. बंगाल एकदम वर जाऊन महाराष्ट्राच्या खालोखाल बसला. बहुपर्यायी प्रश्नात आंध्र आणि तमिळनाडू दोन्ही पर्याय दिले असतील आणि कुठल्या मोजणीनुसार ते लिहिलेलं नसेल, तर तो प्रश्नच अपुरा आहे.

गोव्यात महाराष्ट्रातली मराठी गाइडं आणि सराव पुस्तिका सर्रास वापरल्या जातात, त्यामुळे आणखी एक आकडा मध्ये येतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी तिथल्या पुस्तकांत ७२० कि.मी. असते. केंद्राच्या जुन्या यादीत ती ६५२.६ आणि नव्या यादीत ८७७.९७. शेजारच्या राज्याशी तुलना करा म्हटलं की मूल गाइडातून ७२० घेतं आणि गोव्याचे १०१ घेतं, आणि ‘सातपट’ लिहून मोकळं होतं. एका यादीतले आकडे घेतले तर जुन्यात साडेसहापटीच्या जवळ, नव्यात साडेचारपट. ७२० ला चूक म्हणू नका. त्याला त्याच्या यादीबाहेर तुलनेला नेऊ नका.

आणि भारताचा आकडा भरताना एक फसवी जागा आहे. जुन्या पुस्तकांत मुख्य भूमीचा किनारा ६,१०० कि.मी. आणि बेटांसह ७,५१६.६ असं दिलेलं असतं. नव्या यादीत मुख्य भूमीचा आकडा ७,८७०.५१ आहे आणि अंदमान-निकोबारचे ३,०८३.५० व लक्षद्वीपचे १४४.८० मिळवून ११,०९८.८१. मूल जुनं ७,५१६.६ मनात धरून नव्या यादीत शोधायला गेलं की त्याला जवळचा ७,८७०.५१ दिसतो आणि ‘हाच सुधारलेला’ असं वाटतं. पण एकात बेटं आहेत, दुसऱ्यात नाहीत. म्हणून प्रश्नातला ‘मुख्य भूमी’ किंवा ‘बेटांसह’ हा शब्द आधी पेन्सिलीने गोल करायचा, आकडा नंतर.

आता ती रिकामी जागा. उद्या सकाळी वहीत काय लिहायचं? प्रथम वर्कशीट ज्या पाठावर आधारलेलं आहे ते पुस्तक उघडा आणि आतल्या पानावरचं छपाईचं वर्ष बघा. २०२४ च्या आधीचं असेल तर त्यात जुनी यादीच असणार. ते चुकलेलं नाही, त्याच्या वेळचं आहे. मग रिकाम्या जागेत पुस्तकातला आकडा आणि समासात बारीक अक्षरात एक ओळ: ‘१०१ (जुनी मोजणी). गृह मंत्रालय, २०२३-२४ अहवाल: १९३.९५.’ एवढं पुरे. टीचरला चिठ्ठी लिहायची तर ‘उत्तरतालिका चूक आहे’ असं लिहू नये; ‘या प्रश्नासाठी कोणती मोजणी धरायची?’ असं विचारावं. टीचरच्या हातात उत्तरतालिका आलेली असते, ती तिने बनवलेली नसते. हा प्रश्न विचारला की तिलाही वरच्यांना विचारता येतं.

परीक्षेत समास नसतो. पर्यायांत १०१ आणि १०५ पैकी एकच असेल तर तो निवडावा, दोन्ही असतील तर लावलेल्या पुस्तकातला. १०१ आणि १९३.९५ दोन्ही असतील आणि प्रश्नात वर्ष नसेल, तरी शालेय परीक्षेत लावलेलं पुस्तकच धरावं. स्पर्धा परीक्षेत उलट. तिथे अलीकडचा अधिकृत आकडा अपेक्षित असतो, आणि उत्तरतालिकेवर हरकत घ्यायला मुदत दिलेली असेल तर अहवालाचं नाव, वर्ष आणि तक्त्याची प्रत जोडूनच हरकत घ्यावी. नुसता मोबाइलवरचा फोटो जोडलेली हरकत टिकत नाही.

वर्कशीट तयार करणाऱ्यांना एकच विनंती. प्रश्नात चार शब्द वाढवा: ‘२०२३-२४ च्या अहवालानुसार’ किंवा ‘पाठ्यपुस्तकानुसार’. ही मोजणी दर दहा वर्षांनी पुन्हा करायचं ठरलेलं आहे. तेव्हा आजचा १९३.९५ हाही एका यादीतला जुना आकडा होईल, आणि शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा दांडा कुठे सरकला आहे त्यावर पुढचा आकडा थोडा वर किंवा खाली जाईल.